कपाळावरची पांढरी बट, पाच महिन्यांवर लग्न आणि काळ्या मेंदीची ॲलर्जी : माझ्या पार्लरमधली एक केस

मी सांगलीत पार्लर चालवते, सतरा वर्षं झाली. पांढरे केस झाकायला रोज कोणी ना कोणी येतंच, त्यात नवीन काही नाही. पण सगळे केस काळेभोर आणि मधेच एक पांढरी बट किंवा एक ठिपका, हा प्रकार वेगळा असतो आणि तो बहुतेक जणी (आणि बहुतेक पार्लरवाल्या, मीसुद्धा) साध्या पांढऱ्या केसांसारखाच हाताळतात, तिथेच गडबड होते. ही केस सविस्तर लिहितेय कारण यात मी स्वतः एक चूक केलेली आहे आणि ती लपवून लिहिण्यात काही अर्थ नाही. मुलीचं नाव बदललंय, मुक्ता म्हणू. तिची परवानगी घेतलीय.

मुक्ता माझ्याकडे पहिल्यांदा आली २०२१ मध्ये, तेव्हा ती पंचविशीची. कमरेपर्यंत दाट केस आणि कपाळाच्या वर, मधल्या भांगाच्या जरा डावीकडे एक बट जन्मापासून पांढरी. केसांच्या रेषेपाशी साडेतीन सेंटिमीटर रुंद, मागे जाताना निमुळती होत जाणारी, म्हणजे वरून बघितलं तर त्रिकोणच. शाळेत मुलं चिडवायची म्हणून आईने नववीत असताना पहिल्यांदा मेंदी लावली, तर पांढरी बट भडक नारिंगी झाली आणि चिडवणं दुप्पट झालं. मग बाजारातली काळी मेंदीची पुडी सुरू झाली, ती कॉलेजभर. माझ्याकडे आली ती "ताई, नीट टिकणारं काहीतरी करा, पुडीचा रंग लाल पडतो" म्हणून.

मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. नॅचरल शेडचा काळा घेतला, फॅशन शेड पांढऱ्यावर धरत नाही म्हणून, वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, एकास एक, बट एवढीशी म्हणून पंधरा ग्रॅम क्रीम पुरलं, चाळीस मिनिटं ठेवलं. झकास काळी झाली. आधी कातडीवर थोडंसं लावून बघायची पॅच टेस्ट केली नाही. "इतकी वर्षं पुडी लावतेस ना, काही झालं नाही ना, मग झालं" असं मीच म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता बटेचा खरा त्रास कुठे असतो ते सांगते. ज्या बाईचे केस डोकंभर विखरून पांढरे होतात तिची मुळं वाढली तरी काळ्या-पांढऱ्याची सरमिसळ असते, तीन-चार आठवडे कोणाच्या डोळ्यात येत नाही. बटेत तसं नसतं. तिथला प्रत्येक केस पांढरा, सगळे शेजारी-शेजारी, आणि सगळे एकाच वेगाने वाढणारे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दहा दिवसांत तीन मिलिमीटर. डोकंभर पांढऱ्यात तीन मिलिमीटर काहीच नाही, पण बटेत ते तीन मिलिमीटर म्हणजे कपाळाच्या वर खडूने ओढलेली सरळ रेघ. त्यामुळे बट झाकायची ठरवली की महिन्याला एकदा नाही, दहा-बारा दिवसांनी एकदा बसावं लागतं, आयुष्यभर. वर पांढरा केस जरा राठ आणि रंग धरायला हट्टी असतो, रंग लवकर उतरतो, काळ्याचा तांबूस होतो. मुक्ताचंही तेच झालं. चार महिने ती दर बारा दिवसांनी आली, मग बँकेतल्या नोकरीत वेळ मिळेना आणि पैसेही जायचे, ती परत पुडीवर गेली. मला ते कळलंही नाही, क्लायंट येणं बंद झालं एवढंच कळलं.

डिसेंबर २०२२ मध्ये ती आईबरोबर आली तेव्हा मी ओळखलंच नाही. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, कपाळावर लाल चट्टा, कानामागे पाणी सुटलेलं. पुडी लावली होती दोन दिवसांपूर्वी. आईचं म्हणणं, "ताई, लगेच झालं असतं तर आम्ही समजलो असतो, लावल्यावर एक दिवस काही नव्हतं हो." तर ही ॲलर्जी अशीच येते. लावल्या लावल्या नाही, एक ते तीन दिवसांनी. म्हणून पुष्कळ लोक तिचा संबंध जेवणाशी, नव्या साबणाशी, कशाकशाशी लावतात पण डायशी लावत नाहीत. आणि आधी लक्षण बारीक असतं, मुक्ताला गेलं वर्षभर पुडी लावल्यावर कानामागे खाज यायची, ती म्हणायची कोंडा असेल.

दोषी वस्तू कोणती ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पीपीडी नावाचं डायमधलं रसायन. बहुतेक पक्क्या काळ्या डायमध्ये ती असते, आणि काळी मेंदी नावाने मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांतही असते. कारण मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबडा, तो काळा कधीच होत नाही. जी मेंदी अर्ध्या तासात केस काळे करते तिच्यात मेंदी नावापुरती असते. आणि इथे माझं ते वाक्य. "इतकी वर्षं लावतेस, काही झालं नाही" याने काहीच सिद्ध होत नाही, उलट ही ॲलर्जी परत परत लावूनच तयार होते. शरीर दहा वर्षं गप्प बसतं आणि अकराव्या वर्षी ओळखायला लागतं, आणि एकदा ओळखलं की मग विसरत नाही. मी २०२१ मध्ये जो डाय चार महिने दर बारा दिवसांनी तिच्या कातडीला लावत होते त्याने यात भरच घातली, हे मान्य करायला पाहिजे. त्या दिवसापासून माझ्याकडे पॅच टेस्टशिवाय डाय नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावायचं, अठ्ठेचाळीस तास धुवायचं नाही, आणि नंतरही दोन दिवस लक्ष ठेवायचं. नेहमीच्या बायका वैतागतात, वैतागू देत.

त्या दिवशी मी तिला काही लावलं नाही, मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि मीही बरोबर गेले कारण आई घाबरलेली होती. तेव्हाच बॉम्ब फुटला, की लग्न ठरलंय. साखरपुडा जानेवारीत, लग्न मेमध्ये. आणि मुलाकडच्यांना बटेचं काहीच माहीत नाही. बघायला आले तेव्हा ताजी पुडी लावलेली होती.

डॉक्टरांनी आधी सूज उतरवायची औषधं दिली आणि ॲलर्जीची टेस्ट तीन-चार आठवड्यांनी करू म्हणाले, कारण अंगावर रॅश असताना आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती टेस्ट खोटं उत्तर देऊ शकते. पण बटेकडे त्यांनी त्याच दिवशी बघितलं, आणि इथे मला जे शिकायला मिळालं ते पार्लरच्या कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं. मी चार महिने फक्त केसांकडे बघत होते, त्यांनी केस बाजूला करून खालची कातडी बघितली. खोली अंधारी करून एक जांभळट दिवा धरला, तर बटेखालचा डोक्याचा भाग आणि कपाळावरचा छोटा तुकडा चुन्यासारखा पांढरा चमकला. म्हणजे फक्त केस पांढरे नव्हते, तिथली कातडीही पांढरी होती, कपाळावरचा तुकडा इतकी वर्षं पावडरखाली आणि पुडीच्या डागाखाली गेलेला. आई तर रडायलाच लागली, "कोड आहे का हो डॉक्टर?"

आपल्याकडे या शब्दाची दहशत काय आहे ते सांगायला नको, स्थळं मोडतात त्याच्यावर. डॉक्टरांनी मग एकेक प्रश्न विचारला. जन्मापासून आहे का? हो. कधी वाढलंय का, पसरलंय का? नाही, लहानपणीच्या फोटोत होतं तेवढंच आहे, अंगाबरोबर मोठं झालं तेवढंच. ऐकायला नीट येतं का, डोळ्यांचा रंग दोन्हीकडे सारखा का? (याचं कारण असं की कपाळावरची पांढरी बट, निळसर डोळे आणि बहिरेपणा एकत्र असणारा एक वेगळा जन्मजात प्रकार आहे.) ते सगळं ठीक. अजून कुठे पांढरा डाग आहे का? मुक्ता म्हणाली पोटावर एक आहे आणि गुडघ्याच्या खाली, पण त्यात मधेमधे गडद ठिपके आहेत. मग डॉक्टर म्हणाले घरात अजून कोणाला? आई म्हणाली कोणालाच नाही, एकदम ठामपणे.

दुसऱ्या भेटीला वडील आले. वडलांना तिशीतच टक्कल पडलेलं, त्यामुळे बट असती तरी आता दिसायला केसच नाहीत. डॉक्टरांनी त्यांना पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली, तर दोन्ही नडग्यांवर मुक्तासारखेच पांढरे डाग, आत गडद ठिपके. "ते लहानपणी भाजलेलं आहे," असं ते पन्नास वर्षं सांगत आले होते, बायकोलाही. मग हळूच म्हणाले, शाळेत असताना पुढचे थोडे केस पांढरे होते, आमची आई काजळ लावायची त्याला. आई नुसती बघतच राहिली.

निदान झालं पायबाल्डिझम. कोड नाही. दोन्हीतला फरक मला जसा समजला तसा सांगते. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशी आधी असतात आणि नंतर शरीरच त्यांच्यावर उलटतं, म्हणून ते पुढे कधीतरी सुरू होतं, वाढू शकतं, हाता-पायाची बोटं, ओठ-डोळ्यांच्या कडा अशा जागा धरतं. पायबाल्डिझममध्ये त्या जागी रंगपेशी कधी पोचलेल्याच नसतात. बाळ पोटात असताना या पेशी पाठीच्या बाजूने निघतात आणि अंगाला वळसा घालत पुढच्या बाजूला येतात, त्यात काही कमी पडलं की सगळ्यात लांबच्या जागा रिकाम्या राहतात, म्हणजे कपाळाचा मध्य, पोट, नडग्या. पाठीचा कणा, पंजे, पावलं सहसा सुटतात. जे जन्माला आलं तेवढंच राहतं, साधारणपणे पसरत नाही. आणि म्हणूनच कुठलंही तेल, कढीपत्ता, गोळी, लेप याने ती बट काळी होणार नाही, कारण मुळाशी रंगाचा कारखानाच नाही. आईने बारा वर्षं माका आणि आवळा लावला होता. शस्त्रक्रियेने दुसऱ्या जागेच्या रंगपेशी तिथे बसवता येतात, कातडीला त्याने रंग येऊ शकतो, पण केस काळे येतीलच याची हमी नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लग्नाआधी पाच महिन्यांत तर विषयच नाही.

हे सगळ्यांना लागू करू नका हं. जन्मापासूनची न बदलणारी बट वेगळी आणि पस्तिशीत अचानक आलेली वेगळी. माझ्याकडे गोल चाई पडून गेलेले लोक येतात, चाई भरताना पहिले केस पांढरे येतात आणि पुष्कळदा पुढे काही महिन्यांत आपोआप काळे होतात, तिथे घाईने डाय लावायची गरजच नसते. कधी कोडाचा पहिला डाग डोक्यात येतो. आणि बट किंवा पापण्यांचे केस पांढरे होण्याच्या आसपास डोळे लाल, अंधुक दिसणं, डोकेदुखी, कानात आवाज असं काही असेल तर पार्लर सोडा, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, तो एक वेगळाच आजार असू शकतो आणि त्यात नजर जाऊ शकते. वय झाल्यावर येणारी बट म्हणजे अजून वेगळी गोष्ट. सगळे इंदिरा गांधींचं उदाहरण देतात, पण सव्वीस वर्षांच्या लग्नाच्या मुलीला पंतप्रधानांचं उदाहरण देऊन काय होणार, ती म्हणते त्यांना कोणी बघायला आलं नव्हतं.

जानेवारीत टेस्ट झाली. पाठीवर बारीक चकत्या चिकटवल्या, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मग काढून बघायचं आणि परत दोन दिवसांनी बघायचं. पीपीडीच्या जागी लाल, फुगलेलं, बारीक फोड. पक्का डाय आयुष्यभरासाठी बंद. अमोनिया-फ्री लिहिलेले डायसुद्धा बंद, कारण अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असं अजिबात नसतं, दोन्हीचा संबंध नाही, आणि हा गैरसमज मला रोज भेटतो. काही ब्रँड पीपीडीऐवजी तिची बहीण वापरतात, पीटीडी, पण ज्यांना एकीची ॲलर्जी त्यांच्यातल्या पुष्कळ जणांना दुसरीचीही होते, म्हणून लग्नाच्या तोंडावर तो जुगार मी खेळले नसते.

आता हातात चार महिने, बट आणि तिच्यावर कित्येक वर्षांचा साठलेला रंग. आईचं म्हणणं पुडी न लावता काहीतरी करून काळी करा. शुद्ध मेंदी आणि मग निळीच्या पानांची शुद्ध पूड, असं दोन टप्प्यांत करता येतं, आधी मेंदी दोन तास, धुवून नीळ तासभर, पीपीडीशिवाय काळपट रंग येतो. पण ती दर दहा दिवसांची रेघ इथेही सुटत नाही, दहा दिवसांनी तीन तास बसायचं, वर शुद्ध म्हणून मिळणाऱ्या पुडीत काय आहे त्याची खात्री कोण देणार. मी नाही म्हटलं.

मुक्ताला उलटं हवं होतं. ती म्हणाली, "ताई, बटेवरचा जुना रंग काढून टाका, पूर्ण पांढरी करून टाका एकदाची." हे ऐकायला सोपं वाटतं, ब्लीच मारा झालं. पण तिच्या केसांवर काय काय बसलंय ते मला माहीत नव्हतं. पुड्या, माझा डाय, आणि आईने मधे आणलेलं कुठलं तरी काळं करणारं पाणी. अशा पाण्यात धातूचे क्षार असले तर ब्लीचमधलं पेरॉक्साइड लागल्यावर केस गरम होतात, वाफ येते, तुटून हातात येतात. म्हणून जुनी टेस्ट केली. बटेच्या आतल्या बाजूचे वीस-पंचवीस केस कापले, काचेच्या वाटीत वीस मिली सहा टक्के पेरॉक्साइड आणि त्यात वीस थेंब अमोनिया, अर्धा तास बुडवून ठेवले. गरम झाले नाहीत, तुटले नाहीत, म्हणजे धातू नाही, चांगलं. पण काळ्याचे झाले शेवाळी हिरवट. म्हणजे कुठल्या तरी पुडीत नीळ होती, आणि नीळ ब्लीचने सरळ निघत नाही, हिरवा मागे ठेवते. वाटी तिच्या हातात दिली. ती बघून हसायलाच लागली, पांढरी परवडली म्हणाली.

तर उरला एकच रस्ता, मुळापासून येणारे पांढरे केस येऊ द्यायचे आणि रंगलेलं खालचं टोक हळूहळू कापत न्यायचं. हा निर्णय झाला त्याच दिवशी मी मुक्ताच्या आईला, म्हणजे काकूंना, म्हटलं, मग मुलाकडे आत्ताच सांगा, साखरपुड्याच्या आधी, कारण लग्नापर्यंत चार-पाच सेंटिमीटर पांढरं कपाळावर असणार आहे, ते लपणार नाही. माझा आगाऊपणा होता, पण बटेचं गणित होतं ते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर निदान लिहून दिलं होतं. मुलाकडे काकू आणि काका गेले, काकांनी स्वतःची पँट वर करून दाखवली म्हणे. मुलाच्या आईचा पहिला प्रश्न, "नातवंडांना होईल का?" खरं उत्तर होतं, आणि डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. चार दिवस त्यांच्याकडून फोन नाही. ते चार दिवस मुक्ता बँकेतून थेट माझ्याकडे येऊन बसायची, काही करून घ्यायची नाही, नुसती बसायची. पाचव्या दिवशी मुलाचाच फोन आला, साखरपुडा कुठल्या हॉलला करायचा ते विचारायला.

मधले महिने सगळ्यात वाईट असतात. एक ते चार सेंटिमीटर. खाली काळं, वर पांढरं, लोक विचारतात "रंग लावायला विसरलीस का". यात आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे भांग हलवला. बट डावीकडे, म्हणून भांग उजवीकडे खोल काढला, मधले काळे केस डावीकडे बटेवरून जातात आणि मुळं झाकतात. नेहमीचा भांग बदलला की केस आठ-दहा दिवस बंड करतात, ओल्या केसांवर नवा भांग पाडून वर पिना लावून वाळू द्यायचं, मग ऐकतात. दुसरी, ऑफिसच्या खास दिवशी मुळांवर लावायची रंगीत पावडर, ब्रशने थापायची, धुतलं की जाते. त्यात पीपीडी नसते सहसा, तरी घटकांची यादी वाचली आणि कोपरावर दोन दिवस लावून बघितली. घामात उतरते का ते बघायला ओला रुमाल कपाळावर दाबायचा, रुमाल काळा झाला तर मे महिन्यात लग्नात ती पावडर चालणार नाही हे कळतं. आमचा रुमाल काळा झाला. तिसरी, नव्याने वाढणारे आखूड केस ताठ उभे राहतात, दोन-तीन सेंटिमीटरचे असताना अक्षरशः अँटेना. जुन्या टूथब्रशला कोरफडीचं जेल लावून मागे बसवायचे. ते उपटायचे तर अजिबात नाहीत, मुक्ताने कंटाळून एका आठवड्यात पंधरा-वीस उपटले, त्या जागेचे परत आखूड येणार आणि अँटेना अजून चार महिने लांबणार, एवढंच पदरात पडलं.

केस कमरेवरून खांद्याच्या खाली आणले, पस्तीस सेंटिमीटर ठेवले. काकू हळहळल्या, लग्नात आंबाडा कसा घालणार म्हणून. गंगावन कशासाठी असतं मग. बट एकटीच आखूड कापा असं मुक्ता म्हणत होती, ते मी केलं नाही, कारण बटेला खाली वजन नसेल तर ती सगळीच उभी राहते.

मेमध्ये टेपने मोजलं तर पांढरं साडेपाच सेंटिमीटर. पाच महिन्यांत साडेपाच, गणित बरोबर आलं. आता प्रश्न असा की केस मागे ओढून आंबाडा घातला की कपाळापासून आंबाड्यापर्यंत पंधराएक सेंटिमीटर केस दिसतो, त्यातलं पहिलं साडेपाच पांढरं आणि पुढे एकदम काळं, म्हणजे रंग उडाल्यासारखं दिसणार. मी तीन वेळा ट्रायल केली. शेवटी बटेचा भाग वेगळा घेतला, दोन पदरी सैल पिळ घातला आणि बरोबर पाच सेंटिमीटरवर पिन मारून रंगलेलं टोक आत वळवून शेजारच्या काळ्या केसांखाली दडवलं. आणि जिथे पांढरं संपतं तिथूनच गजरा सुरू केला, मोगरा आणि अबोली, पिना सगळ्या त्याच्याखाली. पांढऱ्या बटेतून पांढरा मोगरा निघाल्यासारखं दिसलं, मुद्दाम केल्यासारखं. कपाळावरच्या डागाची काळजी काकूंना होती, त्यावर तर मुंडावळ्याच आल्या. फाउंडेशन तिने लावू दिलं नाही.

एक गोष्ट मात्र लग्नाच्या आदल्या आठवड्यात निसटणार होती. हातावरची मेंदी. मेंदीवाली आली ती झटपट काळ्या होणाऱ्या कोनांचं पाकीट घेऊन. त्यात काय असतं? तेच. डोक्याला लावायचं बंद केलं आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत लावून घेतलं असतं, तेही लग्नाच्या दोन दिवस आधी, म्हणजे फोड बरोबर मुहूर्ताला आले असते. मी घरी पान वाटून, नीलगिरीचं तेल आणि साखर घालून कोन भरले. खरी मेंदी धुतल्यावर नारिंगीच दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद लालसर तपकिरी होते, काळी कधीच नाही. मावशा म्हणाल्या रंग चढला नाही, मग लग्नाच्या दिवशी गप्प बसल्या.

लग्नानंतर ती दर तीन महिन्यांनी यायची, मी खालचं पाचेक सेंटिमीटर काढायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये रंगलेलं शेवटचं टोक गेलं, जवळजवळ दोन वर्षं लागली. त्यानंतर नवीनच तक्रार, बट पिवळी पडते. सासरी बोअरचं पाणी, ती रोज आवळ्याचं हिरवं तेल लावत होती आणि वर स्ट्रेटनर, तिन्हीने पांढरा केस पिवळट होतो, काळ्यावर ते दिसत नाही म्हणून कोणाला कळत नाही. तेल बदलून साधं खोबरेल केलं, तेही बट सोडून, स्ट्रेटनर बटेवर बंद, शेवटचं पाणी फिल्टरचं. आणि जांभळा शॅम्पू दहा दिवसांतून एकदा, फक्त बटेला, दोन मिनिटं. तिने उत्साहात पंधरा मिनिटं ठेवला आणि वांग्याच्या रंगाची होऊन ऑफिसला गेली, चार-पाच धुण्यात गेलं ते. कपाळाच्या डागाला आणि बटेच्या मुळाशी भांगात सनस्क्रीन मात्र रोज, तिथे रंगच नाही तर ऊन लगेच भाजतं, हे डॉक्टरांनी बजावलेलं आणि ती पाळतेही.

गेल्या महिन्यात नणंदेच्या लग्नाला निघताना आली होती ट्रिमिंगला. पर्समध्ये दोन कोन, घरी केलेले, रबरबँड लावून. मेंदीवालीला सांगत बसण्यापेक्षा आपले कोन बरे म्हणाली. भांग आता परत मधे काढते.